खेळात पाऊस आला की एफपीएस पडतो: ओला रस्ता, तळं आणि रिफ्लेक्शन सेटिंगचा हिशोब

"दादा, कार्ड गेलं वाटते माझं." मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मानेवाड्याहून मामेभावाचा फोन आला. खेळ एरवी सत्तर एफपीएसच्या, म्हणजे सेकंदाला सत्तर फ्रेमच्या आसपास चालतो, पण मधूनच चव्वेचाळीसवर येतो आणि तसाच अडखळत राहतो. एका दुकानात दाखवलं तर त्यांनी सांगितलं, कार्ड तापतंय, पेस्ट बदला, नाहीतर पॉवर सप्लायच बदला. नागपूरचा मे म्हटल्यावर ते कोणालाही पटेल. बाहेर पारा पंचेचाळीसच्या घरात, खोलीत कूलर, कॅबिनेट टेबलाखाली भिंतीला चिकटलेलं.

मी त्याला एकच विचारलं, "केव्हा पडतो? खेळ लावल्यावर किती वेळानं?"

"वेळेचं नाही दादा. खेळात पाऊस आला की पडते. आणि तळ्यापाशी गेलो की पडते. बाकी टाइम मस्त चालून राहिलं ना."

उत्तर त्या वाक्यातच होतं. तरी मी संध्याकाळी गेलो आणि आम्ही दोघांनी बसून मोजलं. हीच तक्रार मी गेल्या दोन वर्षांत निरनिराळ्या कार्डांवर पाच-सहा वेळा ऐकली आहे आणि दर वेळी माणसं चुकीच्या जागी पैसे घालताना पाहिली आहेत, म्हणून सगळं नीट लिहून ठेवतो.

त्याच्याकडे आरटीएक्स 3060 आहे, 12 जीबीचं. जुना मॉनिटर 1080p होता. दिवाळीत त्यानं 1440p चा घेतला. खेळ मोठ्या शहराचा, त्यात रात्री पाऊस येतो आणि शहराबाहेर एक तळं आहे. खेळाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण एक पॅच आला की आकडे हलतात. इथले आकडे त्या संध्याकाळी त्या एका कार्डावर आम्ही मोजलेले आहेत. तुमच्याकडे आकडे वेगळे येतील, पण मोजायची रीत हीच राहील.

उष्णता की सेटिंग, हे आधी ठरवा

MSI Afterburner आणि त्याच्यासोबत येणारं RivaTuner लावून स्क्रीनच्या कोपऱ्यात चार गोष्टी दाखवायच्या: कार्डाचं तापमान, कोअर क्लॉक, जीपीयू वापराची टक्केवारी आणि फ्रेम टाइम, म्हणजे एक फ्रेम काढायला लागलेला वेळ. एफपीएसपेक्षा फ्रेम टाइम महत्त्वाचा, कारण एफपीएसची वजाबाकी फसवते. 120 वरून 100 वर येणं म्हणजे दीड-पावणेदोन मिलिसेकंदांचा फरक. 60 वरून 40 वर येणं म्हणजे आठ मिलिसेकंदांहून जास्त. दोन्हीकडे वीसच एफपीएस गेले, पण नुकसान पाचपट.

मग खेळात एका जागी उभं राहायचं आणि तिथेच सेव्ह करायचं. आम्ही एक चौक निवडला, समोर लांब ओला रस्ता आणि दुकानांच्या पाट्या. कॅमेरा रस्त्यावर ठेवला तर 22.7 मिलिसेकंद, म्हणजे 44 एफपीएस. तिथेच उभं राहून माउस वर सरकवून आभाळाकडे पाहिलं, तर 13 मिलिसेकंद. परत खाली, 22.7. दहा वेळा वर-खाली केलं आणि दहाही वेळा आकडा त्याच क्षणी बदलला.

उष्णता अशी वागत नाही. कार्ड तापलं तर क्लॉक हळूहळू उतरतो, दहा-पंधरा मिनिटांत, आणि तुम्ही कुठे पाहता याच्याशी त्याचा संबंध नसतो. आम्ही तेही पाहिलं. खेळ सुरू केला तेव्हा कार्ड 62 अंशांवर आणि क्लॉक 1900 मेगाहर्ट्झच्या जवळ. अर्ध्या तासानं 81 अंश आणि क्लॉक 1800. म्हणजे नागपूरच्या उन्हाळ्यानं घेतलं ते पाचेक टक्के. 69 चे 44 व्हायला एक तृतीयांशाहून जास्त ताकद जावी लागते, ती इथून गेलेली नाही. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, तेवढं पुरलं. पेस्ट आणि पॉवर सप्लाय, दोन्हींचे पैसे वाचले.

तुमच्याकडे उलटं दिसलं, म्हणजे माउस कुठेही फिरवला तरी आकडा तोच आणि वेळ जाईल तसा क्लॉक चार-पाचशे मेगाहर्ट्झ खाली जातोय, तर मात्र उष्णतेचाच मामला आहे आणि हे पुढचं वाचून उपयोग नाही.

दुसरी चाचणी रेंडर रिझोल्यूशनची. खेळाच्या मेनूत ते बहुतेक Resolution Scale नावानं असतं. ते 100 वरून 50 वर आणा. बहुतेक खेळांत ही टक्केवारी दोन्ही बाजूंना लागते, म्हणजे पिक्सेल चौथाई उरतात. आमच्याकडे त्याच ओल्या चौकात 22.7 चे 10.1 झाले. याचा अर्थ वेळ पिक्सेलमागे जातोय आणि दोष ग्राफिक्स कार्डावर पडणाऱ्या कामाचा आहे. आकडा जागचा हलला नसता आणि जीपीयू वापर साठ-सत्तर टक्क्यांवर पडलेला दिसला असता, तर अडचण प्रोसेसरकडे असती. पाण्याच्या बाबतीत तसंही होतं, ते पुढे येईल.

पाऊसच का?

पहिल्यांदा वाटतं की पावसाचे थेंब महाग असतील. तसं नाही. थेंब, धुकं, उडणारं पाणी हे सगळं मिळून आमच्या मोजणीत एक मिलिसेकंदही भरलं नाही. महाग होतो तो रस्ता.

स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शन, म्हणजे एसएसआर, कसं चालतं ते थोडं समजून घ्यावं लागेल. खेळानं आधी सगळं दृश्य काढून झालेलं असतं. प्रत्येक पिक्सेलचा रंग माहीत असतो आणि तो कॅमेऱ्यापासून किती लांब आहे, म्हणजे त्याची डेप्थ, तीही साठवलेली असते. आता चकचकीत पृष्ठभागाच्या एखाद्या पिक्सेलवरून किरण ज्या दिशेनं परावर्तित होईल, त्या दिशेनं जीपीयू पावलं टाकत निघतो. दर पावलाला डेप्थ वाचतो आणि विचारतो, मी एखाद्या वस्तूच्या मागे गेलो का? गेलो असेन तर तिथला रंग उचलायचा आणि प्रतिबिंब म्हणून रस्त्यावर ठेवायचा. नवीन काही रंगवायचं नाही, स्क्रीनवर आहे त्यातलंच उचलायचं. 2011 मध्ये क्रायसिस 2 ला डायरेक्टएक्स 11 चा पॅच आला, त्यात हे तंत्र होतं. मोठ्या खेळांत ते तिथून पसरलं.

आता मुख्य गोष्ट. हे काम प्रत्येक पिक्सेलसाठी केलं जात नाही. प्रत्येक पृष्ठभागाला रफनेस नावाचा एक आकडा असतो, शून्य म्हणजे आरसा आणि एक म्हणजे पार खरबरीत. इंजिन एक मर्यादा ठरवून ठेवतं. रफनेस त्या मर्यादेहून जास्त असेल तर किरण सोडायचाच नाही, तिथे आधीच तयार ठेवलेलं ढोबळ प्रतिबिंब लावून मोकळं व्हायचं. कोरडा डांबरी रस्ता या मर्यादेच्या बाहेर असतो. म्हणून कोरड्या दिवशी रस्ता जवळजवळ फुकट पडतो. काम फक्त खिडक्यांच्या काचांना आणि गाड्यांच्या पत्र्याला. पाऊस आला की खेळ रस्त्याचा, फुटपाथचा, छपरांचा रफनेस एकदम खाली आणतो. क्षणात अर्धी स्क्रीन मर्यादेच्या आत येते आणि प्रत्येक पिक्सेल किरण सोडू लागतो.

किती काम वाढतं, याचा एक ढोबळ हिशोब. 1440p मध्ये जवळपास 37 लाख पिक्सेल असतात. अर्धी स्क्रीन ओल्या रस्त्यानं भरली तर साडेअठरा लाख. एका किरणाला 32 पावलं धरली तर एका फ्रेमला सहा कोटींच्या जवळ डेप्थ-वाचनं होतात. 60 एफपीएस हवे असतील तर सेकंदाला साडेतीनशे कोटी. आणि ही वाचनं ओळीनं नसतात. ओल्या डांबरावर बाजूबाजूच्या पिक्सेलचे किरण थोडे वेगवेगळ्या दिशांना जातात, त्यामुळे कॅशमध्ये आलेला डेटा शेजाऱ्याच्या कामी येतोच असं नाही. मधल्या किमतीच्या कार्डांना इथेच दम लागतो. 3060 ची मेमरी बँडविड्थ सेकंदाला 360 जीबी आहे, आरएक्स 6600 ची 224. मेमरीची धावपळ वाचवायला दुसऱ्याकडे मोठी कॅश दिलेली आहे, पण वाचनं विखुरली की तिचाही फायदा घटतो.

यात एक गोष्ट मला स्वतःला उशिरा कळली आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. साध्या पद्धतीनं पावलं टाकणाऱ्या एसएसआरमध्ये सर्वांत महाग किरण तो, ज्याला काहीच सापडत नाही. भिंत सापडलेला किरण दहाव्या पावलाला थांबतो. रिकाम्या आभाळाकडे निघालेला किरण सगळी पावलं संपेपर्यंत चालतो आणि शेवटी रिकाम्या हातानं परत येऊन तेच तयार ढोबळ प्रतिबिंब वापरतो. म्हणून मोकळ्या मैदानातलं तळं, ज्यात फक्त आभाळ दिसतंय, गल्लीतल्या डबक्यापेक्षा महाग पडू शकतं, आणि डोळ्याला मिळत काहीच नाही. हुशार इंजिनं डेप्थच्या लहान प्रती ठेवून रिकामी जागा मोठ्या उड्यांनी ओलांडतात, तिथे हा त्रास कमी असतो.

कोणती पायरी ठेवायची

त्याच चौकात, त्याच पावसात, फक्त रिफ्लेक्शनची सेटिंग बदलत गेलो. बंद असताना 15.4 मिलिसेकंद. Low वर 16.9, Medium वर 17.6, High वर 19.6 आणि Ultra वर 22.7. पोराचं सेटिंग Ultra वर होतं. 1080p च्या काळात लावलेलं, मॉनिटर बदलला तरी तसंच राहिलेलं. 1080p मध्ये पिक्सेल 21 लाखांच्या आत होते, तेव्हा ते खपून गेलं. 1440p मध्ये पिक्सेल पावणेदोन पटींहून थोडे जास्तच झाले आणि ही सेटिंग पिक्सेलमागे पैसे घेते.

आकड्यांतल्या पायऱ्यांकडे पाहा. बंद ते Medium एवढ्या प्रवासाला 2.2 मिलिसेकंद लागले आणि Medium ते Ultra ला 5.1. पण चित्रातला फरक बरोबर उलटा आहे. बंद केल्यावर रस्ता मेला. पाट्यांचे रंग गेले, नुसता राखाडी चमकदार पट्टा उरला. Medium वर पाट्या परत आल्या. Ultra मध्ये त्यांच्या कडा जरा मऊ झाल्या आणि लांबच्या प्रतिबिंबातली कणीदार खरखर कमी झाली, एवढंच. थांबून, नाक लावून पाहिलं तर दिसतं. गाडी चालवताना मला तरी दिसलं नाही, आणि भावालाही दिसलं नाही. मी त्याच्या पाठीमागे बसून न सांगता सेटिंग बदलून विचारलं होतं.

काही खेळांत या पायऱ्या आणखी लांब जातात. सायबरपंक 2077 मध्ये Ultra च्या वर Psycho नावाची पायरी आहे. ती चित्रं काढण्यासाठी ठेवलेली समजा. मधल्या कार्डावर खेळायला ती नाही.

आता अपस्केलरचा, म्हणजे लहान चित्र काढून ते मोठं करून दाखवणाऱ्या सोयीचा भाग, आणि इथे लोक हमखास चुकतात. डीएलएसएस किंवा एफएसआर Quality वर लावलं की 1440p साठी खेळ आतून साधारण 1707 गुणिले 960 वर रंगवतो. एसएसआर हे या आतल्या, लहान चित्रावर चालतं, कारण ते अपस्केलरच्या आधी येतं. त्यामुळे त्याची किंमत आपोआप निम्म्याहून खाली येते. पण त्याच कारणानं खरखरही वाढते: कमी पिक्सेल, कमी किरण, आणि Low-Medium सारख्या पायऱ्यांवर बरेच खेळ प्रतिबिंब त्याच्याही अर्ध्या रिझोल्यूशनवर काढतात. परिणाम म्हणजे ओल्या रस्त्यावर मुंग्या चालल्यासारखं वळवळणारं चित्र. लोकांना वाटतं अपस्केलर खराब आहे. खरं तर त्याला खालून मिळालेला मालच कणीदार असतो.

म्हणून माझा सल्ला असा: अपस्केलर बंद असेल तर Medium, अपस्केलर Quality वर असेल तर एक पायरी वर, High. आमच्याकडे अपस्केलरसह Medium नं 12.5 मिलिसेकंद दिले आणि High नं 13.4. हा एक मिलिसेकंदही नसलेला फरक देऊन मुंग्या जात असतील, तर तो द्यावा. 13.4 म्हणजे 74-75 एफपीएस, पावसात, त्याच चौकात.

आणखी एक. एफपीएस पडला की पोरं पहिल्यांदा टेक्स्चर खाली आणतात. या अडचणीत त्याचा काही उपयोग नाही. टेक्स्चर कार्डाची मेमरी खातात, आणि 12 जीबीच्या कार्डावर ती भरलेली नव्हतीच. भावानं ते Low वर करून ठेवलं होतं, म्हणजे भिंती घाणेरड्या दिसत होत्या आणि चव्वेचाळीसचे चव्वेचाळीसच होते. आम्ही ते परत वर नेलं.

तळ्यापाशी वेगळंच निघालं

चौक सुटला. मग तो तळ्यावर गेला आणि फ्रेम टाइम परत 13.4 वरून 17.5 वर. रिफ्लेक्शन सेटिंग पूर्ण बंद करून पाहिली, तर शहर फिकं पडलं पण तळ्यावरचा आकडा जेमतेम हलला.

याचं कारण असं की पाणी पारदर्शक असतं. रस्ता, भिंती, गाड्या यांचं एसएसआर एका टप्प्यात होऊन जातं. पाणी त्यानंतर स्वतंत्रपणे काढलं जातं आणि पुष्कळ खेळांत त्याचं प्रतिबिंब त्याच्या स्वतःच्या शेडरमध्ये, स्वतःच्या सेटिंगनुसार होतं. म्हणजे मेनूतली Reflection Quality रस्त्याची आणि Water Quality तळ्याची. शिवाय पाण्याच्या त्या एका सेटिंगमध्ये तीन-चार कामं गाठोड्यासारखी बांधलेली असतात: लाटांची हालचाल, तळ दिसण्यासाठीचं अपवर्तन आणि प्रतिबिंब. रेड डेड रिडेम्प्शन 2 मध्ये हे गाठोडं सोडून दिलेलं आहे. तिथे Water Refraction Quality, Water Reflection Quality आणि Water Physics Quality अशा वेगळ्या खुंट्या मिळतात. पण बहुतेक ठिकाणी एकच खुंटी असते.

आमच्या खेळात एकच होती. ती High वरून Medium वर आणली आणि 17.5 चे 14.2 झाले. गेलं काय? काठाजवळच्या बारीक लाटा थोड्या सपाट झाल्या. प्रतिबिंब होतं तिथेच राहिलं.

जुन्या पद्धतीच्या काही खेळांत पाणी एसएसआर वापरतच नाही. पाण्याच्या पातळीखाली एक उलटा कॅमेरा धरून सगळं दृश्य दुसऱ्यांदा काढलं जातं. 2004 च्या हाफ-लाइफ 2 मध्ये Reflect world आणि Reflect all असे पर्याय होते, ते हेच. यातलं प्रतिबिंब अचूक असतं, पण दृश्य दोनदा काढायचं म्हणजे प्रोसेसरलाही वस्तू दोनदा पाठवाव्या लागतात. वर म्हटलेली रेंडर रिझोल्यूशनची चाचणी करून आकडा हलला नाही आणि तुम्ही पाण्याकडे पाहत असाल, तर बहुधा हे चालू आहे. तिथे Reflect all सारख्या पर्यायावरून एक पायरी खाली या. अपस्केलर लावून काही मिळणार नाही.

प्रतिबिंब गायब होतं, तो बिघाड नाही

भावाची दुसरी तक्रार होती की मान खाली घातली की पाण्यातली झाडं वितळून जातात, आणि त्याच्या पात्राभोवती रस्त्यावर एक रिकामी किनार दिसते. यासाठी त्यानं ड्रायव्हर तीनदा बदलला होता.

ड्रायव्हरनं हे जाणार नाही. एसएसआर स्क्रीनवर आहे तेवढंच उचलू शकतं. तुम्ही खाली पाहिलं की झाडं स्क्रीनच्या वरच्या कडेबाहेर गेली. आता उचलायला तिथे काही नाही. तसंच तुमचं पात्र मध्ये उभं असेल तर त्याच्यामागे झाकलेल्या रस्त्याची आणि भिंतीची माहिती खेळाकडे नाही, म्हणून त्याच्याभोवती भोक पडतं. Ultra काय, Psycho लावलं तरी ही भोकं तशीच राहतात, कारण जास्त पावलं टाकून नसलेली माहिती सापडत नाही. हे लक्षात आलं की वरच्या पायरीचे पैसे का द्यायचे नाहीत, हेही लक्षात येतं.

त्या रात्री परतताना मी फुटाळा तलावावर थांबलो. पाळीवर उभं राहून समोरच्या काठाकडे पाहिलं तर दिव्यांचे लांबच लांब पट्टे पाण्यावर पसरलेले. मग पाळीवरून वाकून सरळ पायाखालचं पाणी पाहिलं. तिथे प्रतिबिंब जवळजवळ नाहीच, नुसतं काळं पाणी. खरं पाणीच असं वागतं. सरळ वरून पाहिलं तर ते येणाऱ्या उजेडातला दोनेक टक्के परत पाठवतं. उभ्या रेषेपासून साठ अंश तिरकं पाहिलं तरी सहा टक्केच. ऐंशी अंशांवर मात्र एक तृतीयांशाहून थोडं जास्त. म्हणजे जिथे प्रतिबिंब खरोखर ठळक असतं, त्या सपाट कोनात समोरचा काठ स्क्रीनवर असतोच आणि एसएसआर काम करतं. जिथे ते हरतं, त्या खाली पाहण्याच्या कोनात खऱ्या पाण्यातही फारसं काही दिसत नसतं. अडचण मधल्या कोनांची, साधारण पाठीमागून थोडं वरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याची. कॅमेऱ्याची उंची बदलता येत असेल तर ती थोडी खाली आणल्यानं हे वितळणं पुष्कळ कमी होतं, आणि त्याला एक मिलिसेकंदही लागत नाही.

रे ट्रेसिंगचं प्रतिबिंब लावलं तर ही भोकं जातात, कारण ते स्क्रीनबाहेरची भूमितीही पाहतं. 3060 वर आम्ही लावून पाहिलं. त्याच ओल्या चौकात, अपस्केलरसह, 13.4 चे 21 झाले आणि प्रोसेसरवरचा भारही वाढला. 8 जीबीच्या कार्डावर मेमरीचीही ओढाताण होते. रात्री गाडी न चालवता पायी फिरायचं असेल तर हौस म्हणून ठीक. रोजच्या खेळाला मी ते लावणार नाही.

मेनूत खुंटीच नसेल तर

अनरियल इंजिनवरच्या बऱ्याच खेळांत रिफ्लेक्शनसाठी वेगळी सेटिंग दिलेली नसते. ती Effects किंवा Post Processing मध्ये दडलेली असते. तिथे Engine.ini या फाइलमध्ये हात घालता येतो. ती बहुधा %LOCALAPPDATA% मध्ये खेळाच्या नावाच्या फोल्डरखाली Saved\Config मध्ये सापडते. आधी फाइलची प्रत काढून ठेवा, मग शेवटी हे लिहा:

```
[SystemSettings]
r.SSR.Quality=2
r.SSR.MaxRoughness=0.3
```

पहिल्या ओळीत शून्य म्हणजे बंद आणि चार म्हणजे सर्वांत वरचं. तीनपासून रफनेसप्रमाणे धूसर प्रतिबिंब काढायला इंजिन एकाहून जास्त किरण सोडतं, म्हणून दोन आणि तीनमधली उडी मोठी असते. दुसरी ओळ म्हणजे वर सांगितलेली मर्यादाच. 0.3 ठेवली की डबकी आणि चकचकीत ओला रस्ता आत राहतात, दमट भिंती आणि खडबडीत दगड बाहेर पडतात. माझ्या अनुभवात कधीकधी ही ओळ एकटीच पहिलीपेक्षा जास्त मिळवून देते, कारण ती पावलं कमी करत नाही, किरणच सोडू देत नाही.

तीन गोष्टी सांभाळा. इथे लिहिलेली किंमत मेनूवर मात करते, त्यामुळे नंतर मेनूतून काही बदललं तरी या दोन बाबतींत फरक दिसणार नाही. परत आणायचं असेल तर ओळीच काढाव्या लागतील. खेळ एसएसआरऐवजी अनरियलची लुमेन ही पद्धत वापरून प्रतिबिंबं काढत असेल तर या ओळींचा परिणाम होत नाही. आकडा तसूभरही हलला नाही तर तेच समजा. आणि ऑनलाइन स्पर्धेच्या खेळात फाइलींना हात लावू नका, चीट पकडणारी यंत्रणा त्याला काय समजेल याचा नेम नाही.

मामेभावाला मी जाताना चौकातला सेव्ह आणि तळ्याकाठचा सेव्ह, असे दोन वेगळे ठेवायला लावले. प्रत्येक मोठ्या पॅचनंतर तो दोन्ही उघडून फ्रेम टाइमचा फोटो काढून पाठवतो. जूनमध्ये एक पॅच आला तेव्हा चौकाचा आकडा 13.4 चा 15.9 झाला होता. उघडून पाहिलं तर पॅचनं सेटिंग्ज पुसल्या होत्या आणि रिफ्लेक्शन परत Ultra वर गेलं होतं.